बारा फूट सरकवलेली जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बुटीबोरी रोडवरच्या त्या प्लॉटवर बोअर मारायच्या आधीच मला माहीत होतं, की तिथं पाणी लागायची आशा कमी आहे. तरी मी कागदावर हिशेब लिहून दिला, खाली सही केली आणि खोदाईची गाडी बोलावली.

माझा धंदा बोअरचा अंदाज काढून द्यायचा. गाडी माझी नाही, ती दुसऱ्याची. खोदाईच्या पैशातून मला फुटामागं दहा रुपये मिळतात. गिऱ्हाईक पहिलं एकच विचारतं, फुटाला काय भाव? मी म्हणतो शंभर. यात खोटं काही नाही, पण खरंही थोडंच आहे. शंभर रुपये नुसत्या भोकाचे. वरची माती ढासळू नये म्हणून पाइप घालावा लागतो, त्याला आम्ही केसिंग म्हणतो, त्याचे फुटाला चारशे वेगळे. शिवाय मोटर, वायर, पाइप, पॅनेल, आणि मीटरसाठी वीज कंपनीचे पैसे. हे सगळं धरून खोलीनं भागलं तर फूट चारशेच्या वर जातं. हा आकडा पहिल्या दिवशी सांगणारा एजंट मी पाहिला नाही. मीही सांगत नव्हतो.

तो प्लॉट घेतलेली बाई रामदासपेठेतल्या दोन दवाखान्यांच्या चादरी धुवायची. नवरा टेम्पो चालवायचा, ती धुलाई बघायची. पाणी टँकरचं. कमाई टँकरमध्येच जाऊन राहिली, असं ती म्हणायची. मोठ्या दवाखान्यानं काम वाढवून द्यायची तयारी दाखवली होती, अट एकच, पाणी स्वतःचं पाहिजे. म्हणून हा प्लॉट, म्हणून हा बोअर. गाठीला लाखाच्या थोडे वर होते आणि त्यातच सगळं बसवायचं होतं.

मी तिच्यासमोर लिहिलं: अडीचशे फूट खोदाई, पंचवीस हजार. चाळीस फूट केसिंग, सोळा. दोन एचपीची मोटर सामानासकट, पंचेचाळीस. वीज, अठरा. बेरीज एक लाख चार हजार. तिनं कागद वरून खाली, मग पुन्हा खालून वर वाचला आणि विचारलं, "आन् पाणी नाही लागलं तर? ते कुठं लिवलं?"

"लागते ना ताई. काहून टेन्शन घेऊन राहिल्या?" मी म्हणालो.

ती ओळ लिहिता येत नाही असं नाही. आमच्या पट्ट्यात तीनातला एक बोअर कोरडा जातो असं मी स्वतः धरतो. म्हणजे दोन चालू बोअरमागं तीन खोदल्याचे पैसे लागतात. खोदाई आणि केसिंगच्या वर त्याच्या निम्मे बाजूला ठेवायचे. तिच्या बाबतीत साडेवीस हजार. तेवढे लिहिले असते तर ती थांबली असती. निदान आणखी चार ठिकाणी चौकशी केली असती.

चौकशीत तिला जे कळायला पाहिजे होतं, ते मला माहीत होतं. दोन प्लॉट सोडून महिनाभर आधी मीच चारशे वीस फूट मारून घेतलं होतं. शेवटपर्यंत काळा पत्थर आणि भुकटी. त्या मालकाला प्लॉट विकायचा होता. त्यानं बोअरचं तोंड बंद केलं, वर विटा रचल्या आणि मला गप्प राहायला सांगितलं. आमच्यात हा रिवाजच आहे. कोरड्या बोअरची वाच्यता केली की जागेचा भाव पडतो, आणि पुढचा मालक आपल्याला बोलवत नाही.

नवऱ्यानं पाणाड्या आणला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ प्लॉटच्या ईशान्येला उभा राहिला. तिनं टेप काढला, मोजलं आणि म्हणाली, इथं टाकी बसणार आहे, बोअर बारा फूट इकडं घ्या. नवरा कुरकुरला. "मंग टाकीच्या पोटात बोअर मारू का?" ती म्हणाली. गाडीवरची पोरं हसली, मीही हसलो. लिंबू ठेवलं, नारळ फोडला, गाडी लागली.

चाळीस फुटांवर पत्थर आला नाही. पिवळी माती आत ढासळत होती. पाइपावर पाइप घालत केसिंग ऐंशीवर थांबलं. माझ्या कागदावरचे सोळा हजार तिथंच बत्तीस झाले. मला उभं राहवेना. मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो, फोन काढून खिशात ठेवत होतो. एकशे ऐंशीच्या आसपास भुकटी ओल असल्यासारखी जरा गडद झाली. ती पुढं झाली, मुठीत घेऊन दाबली. गोळा झाला नाही.

तीनशेला ऑपरेटरनं मशीन थांबवून माझ्याकडं पाहिलं. रॉड जोडून आणखी खोल जायचं, की रॉड काढून थांबायचं? बासष्ट हजार झाले होते. तिथं थांबली असती तर बेचाळीस उरत होते. तीनशेच्या पुढं फुटाला एकशे दहा लागणार, हे मी तिला सांगितलं. तिच्या केसांवर, भुवयांवर राखेसारखी धूळ होती. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरचा असता, तर काय केलं असतं?"

माझ्या घरचा असता तर मी गाडीच येऊ दिली नसती. पण मी म्हणालो, "शंभर मारून पाहू."

चारशेपर्यंत तीच भुकटी. खोदाई थांबली तेव्हा त्र्याहत्तर हजार जमिनीत गेले होते. हातात एकतीस राहिले, त्यात ना मोटर येत होती ना दुसरा बोअर. मीटरचे पैसे पाणी लागल्यावरच भरा, एवढं एक मी तिला बरोबर सांगितलं होतं. कितीतरी दिवस मी स्वतःला तेवढंच सांगत राहिलो.

नवरा प्लॉटच्या कडेच्या कठड्यावर बसून होता. "बारा फूट सरकवलं न तूनं," तो म्हणाला, "नारळाले अक्कल होती, तुले नोती." मी तिथंच उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं, की बारा फुटांनी काही फरक पडत नाही, पलीकडं चारशे वीसला सुद्धा कोरडं गेलंय. मी गाडीवाल्याची सही घेतली आणि निघालो.

दवाखान्यानं काम दुसऱ्याला दिलं. टेम्पो विकला. नवरा आता बुटीबोरीत एका कंपनीच्या गेटवर असतो, ती दुसऱ्याच्या धुलाईत कामाला जाते. परवा रामदासपेठेत दवाखान्याच्या मागच्या दाराशी ती गठ्ठे मोजताना दिसली. मी वळणारच होतो, पण तिनं हाक मारली. चहा पाजला. नवरा अजून जेवताना बारा फूट काढतो, म्हणाली, आता पोरगीही म्हणते. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "जागा मीच हलवली, भाऊ. तुमचा काय दोष त्यात."

मी चहा संपवला. तोंडाशी आलं होतं. तिनं गठ्ठ्याला हात लावायला सांगितलं, मी तो उचलून दिला आणि निघालो.

आता अंदाजपत्रकात शेवटची ओळ मी लिहितो: बोअर कोरडा गेल्यास खोदाई आणि केसिंगचे पैसे परत नाहीत; आजूबाजूचे कोरडे बोअर इतके. काही गिऱ्हाइकं ती वाचून उठून जातात. पण ही ओळ तिच्या कागदावर नाही.

तिच्या पैशातून फुटामागं दहा म्हणजे चार हजार मी घेतले, ते परत करायचे आहेत. आणि तिच्या घरी जाऊन, नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर सांगायचं आहे, की जागा तिनं चुकवली नाही, मला आधीच माहीत होतं. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.