खालची ओळ

मृत्यूच्या कारणाचा दाखला चुकीचा लिहिणाऱ्या इंटर्नवर मी तापतो, हे आमच्या नाशिकच्या हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असं कुणी लिहिलं की मी कागद परत ढकलतो. अरे, मेलेल्या प्रत्येकाचं हृदय बंदच पडतं, ते कारण कसं? वरच्या ओळीत शेवटी ज्याने जीव घेतला ते, खालच्या ओळीत ते कशामुळे झालं ते, आणि सगळ्यात खाली जिथून सुरुवात झाली तो आजार. शेजारी प्रत्येकाचा कालावधी. मधुमेहासारखा ज्याने हातभार लावला पण या साखळीत नाही, तो दुसऱ्या भागात.

हे शहाणपण मला उशिरा आलं.

देवळ्याकडचा एक शेतकरी आमच्याकडे वारला. तीन महिने खोकला, वजन उतरलेलं. थुंकी तपासायला दिली होती. त्या दिवशी वॉर्डात गर्दी होती. मी एकाच ओळीत हृदय आणि श्वास उरकून सही ठोकली आणि खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या. संध्याकाळी रिपोर्ट आला, क्षयरोग. दाखला दुरुस्त करायला जन्म-मृत्यू निबंधकांना कळवायचं होतं, क्षयरोग विभागाला नोंद द्यायची होती. उद्या करू म्हणून मी तो रिपोर्ट फाइलमध्ये लावला. तो उद्या काही उजाडला नाही.

आठ महिन्यांनी त्याची बायको लेकीला घेऊन आली. पोरगी कॉलेजात जाणारी, आता डोकं धरून गुंगीत पडलेली. तिला खोकला सुरू झाला तेव्हाच गावच्या डॉक्टरने विचारलं होतं, घरात कुणाला टीबी होता का, बाप कशाने गेला. बाईने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली दाखल्याची प्रत त्याला दाखवली. कागदावर डॉक्टरची सही, म्हणून त्याने विश्वास ठेवला आणि दोन महिने खोकल्याचं औषध दिलं.

सही माझी होती.

पोरगी अकराव्या दिवशी गेली. दाखला मीच लिहायला बसलो. वरच्या ओळीत मेंदूच्या आवरणाचा क्षय, तीन आठवडे. खाली, त्याचं कारण, फुफ्फुसाचा क्षय, चार महिने. मला माझीच किळस येत होती. लिहून झाल्यावर मी बाईला सगळं सांगितलं, बापाचा रिपोर्ट, माझा आळस, सगळं. तिच्यासोबत आलेल्या धाकट्या मुलाची तपासणी आजच करायला हवी, हेही सांगितलं. ती रडली नाही. पिशवीतला जुना कागद तिने माझ्यासमोर ठेवला.

“साहेब, आम्ही तर तुमचं खरं धरलं व्हतं,” ती म्हणाली.

मग धाकट्याचा हात धरून ती तपासणीच्या रांगेत उभी राहिली. तो खोकत होता.