नावं झाकून पगार बघणारी

सुचेता कुलगोड पगार ठरवण्याआधी माणसाचे बूट बघते, अशी तिच्या ऑफिसातली पक्की बातमी. महागडे बूट असले तर ‘याचं भागतंय’ म्हणून वाढ कमी, टाच झिजलेली दिसली तर वाढ जास्त. मार्च महिन्यात बंगळूरबाहेरच्या देवनहळ्ळीतल्या त्यांच्या काचेच्या इमारतीत लोक जुन्या चपला घालून यायचे म्हणे. लिफ्टमध्ये ती शिरली की निम्मे जण पाय मागे ओढून घ्यायचे.

खरी गोष्ट अशी, की तिची मान धरते. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो ती पर्समध्ये ठेवते आणि खाली बघत चालते. बूट कुणाचे, हे तिला सांगताही येणार नाही. उलट काम तोलायच्या दिवसांत ती प्रत्येक फॉर्मवरचं नाव पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकते. “माणूस दिसला की काम दिसेनासं होतं,” हे तिचं वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. काही जण ते मान तिरकी करून, तिच्या आवाजात म्हणूनही दाखवतात.

ती निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते. घरात मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळे रागावली की कुठल्या भाषेत रागवायचं हे ठरवेपर्यंत राग उतरतो. पहिली नोकरी बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात, पगारपत्रकं काढायची. तिथं एकाच यंत्रावर दोन पाळ्यांत काम करणाऱ्या दोन बायका एकदा पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. काम तेच, आकडे वेगळे. “का?” एवढंच त्यांनी विचारलं. बावीस वर्षांची सुचेता म्हणाली, “सिस्टिममध्ये तसंच आहे.” दोघी चिठ्ठ्यांची घडी करून निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती अजून म्हणते.

आताची तिची कंपनी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते. सुरुवात बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका दुकानातून झाली. ते दुकान अजून आहे, शिवाप्पा ते चालवतात. मग पैसा आला, देवनहळ्ळीला मोठं ऑफिस झालं, पुण्या-मुंबईची मंडळी भरली, आणि ज्यानं जेवढं मागितलं तेवढं त्याला मिळालं. साडेतीनशे माणसं आणि पदांची नावं दोनशे दहा. मालकांचा मुलगा गुरुराज आता कारभार बघतो. त्यानं सुचेताला सांगितलं, “हे सगळं स्वल्प सरळ करा.”

तिनं आठ महिने घेतले. कामाला किती ज्ञान लागतं, निर्णय कोण घेतं, चूक झाली तर कुणाचं काय बिघडतं, यावर प्रत्येक कामाला गुण. गुणांवरून आठ ग्रेड. प्रत्येक ग्रेडला पगाराचा एक बँड: खालची हद्द नवशिक्यासाठी, मधला आकडा काम पुरतं येणाऱ्याला बाजारात मिळतो तो, आणि वरची हद्द. बँडच्या आत कोण कुठं, ते अनुभवावर आणि कामाच्या दर्जावर. कुणी हद्दीच्या खाली असेल तर लगेच वर आणायचं. वर असेल त्याचा पगार कापायचा नाही, फक्त इतर गाठेपर्यंत वाढ थांबवायची. पाच जणांच्या समितीनं नावं झाकून गुण दिले. शुक्रवारी सगळ्यांना पत्रं जाणार होती आणि मग ग्रेड वर्षभर बदलता येणार नव्हत्या.

मंगळवारी दुपारी तिनं तिचा नेहमीचा प्रयोग केला. मीटिंगच्या खोलीत एक रिकामी खुर्ची समोर ठेवायची आणि प्रत्येक पत्र त्या खुर्चीला समजावून सांगायचं. दोन मिनिटांत जमलं नाही तर पत्र चुकलं. शंभरेक पत्रं सुरळीत गेली. मग चामराजपेटेचं एक आलं. नावावर चिकटपट्टी, पद ‘ऑफिस सहायक’, ग्रेड तीन, पगार एकेचाळीस हजार. तिसऱ्या ग्रेडचा बँड अडतीस ते छप्पन्न, म्हणजे कागदावर सगळं ठीक.

“तुमचं काम तिसऱ्या ग्रेडमध्ये आहे,” ती खुर्चीला म्हणाली, “कारण स्वतंत्र निर्णय तुम्ही घेत नाही.” पुढं गाडी अडली. कारण शेजारच्या रकान्यात त्या टेबलावर रोज येणाऱ्या तक्रारींचा आकडा होता: सत्तर. देवनहळ्ळीत तसंच टेबल सांभाळणाऱ्या ‘रीजनल डिस्पॅच लीड’कडे साठ. त्याची ग्रेड चार, बँड पन्नास ते शहात्तर, पगार अडुसष्ट. निम्म्या बंगळूरच्या बंद पडलेल्या यंत्रांच्या तक्रारी ज्या टेबलावर येतात, तिथं काहीच ठरवलं जात नाही?

बुधवारी ती चिकपेटला मेट्रोतून उतरली आणि साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत चामराजपेटेत पोचली. चिकटपट्टीखालची बाई धनलक्ष्मी निघाली, अकरा वर्षं त्याच टेबलावर. कानाला एक फोन, मांडीवर दुसरा. एका छोट्या दवाखान्यात रुग्ण जोडलेला असताना डायलिसिसचं यंत्र थांबलं होतं. त्याच वेळी एका मोठ्या रुग्णालयाचा मॅनेजर हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रासाठी ओरडत होता. मोकळा इंजिनियर एकच, पिराजी.

“पिराजी अण्णा, डायलिसिस. तो पंप शेल्फवर आहे, घेऊनच जा,” धनलक्ष्मी म्हणाली. मग दुसऱ्या फोनवर अगदी गोड आवाजात, “सर, तुमच्याकडं दुसरं मशीन चालू आहे ना? मग चार वाजता. हो सर, तक्रार करा. माझं नाव धनलक्ष्मी.”

सुचेतानं शिवाप्पांना विचारलं, “हे कुणी ठरवलं?”

“तिनंच की ओ. मला डायलिसिसचं काय कळतंय?”

“मग फॉर्मात तुम्ही लिहिलंत, ‘कामवाटपात मदत करते’.”

“मग काय लिहायचं, अक्का? सगळं तीच ठरवते म्हणून? मग शिवाप्पा काय माशा मारतोय, असं विचारतील की.” वर म्हणाले, “आणि आमच्याकडं तसं कुणी बोलत नाही. मी चाळीस वर्षं मशीन खोलतोय, तरी ‘स्वल्प बघतो’ असंच म्हणतो. करतो असं म्हटलं की मशीन ऐकतंय, बंद पडतंय.”

“तू सही केलीस यावर?” सुचेतानं धनलक्ष्मीला विचारलं.

“केली की, अक्का. शिवाप्पा अण्णांनी लिहिलं होतं. खोटं कुठं आहे? मदतच आहे ती.”

परतताना बसमध्ये सुचेतानं देवनहळ्ळीच्या त्या साठ तक्रारीवाल्याचा फॉर्म काढला. तो पुण्याच्या अभिजीतचा. त्यात इंग्रजीत ‘नेतृत्व करतो’ तीनदा, ‘निर्णय घेतो’ पाचदा. खोटं त्यातही काही नव्हतं. तिनं आठ महिने नावं झाकली होती आणि बोलायची ढब उघडी ठेवली होती. समितीनं काम तोललंच नाही, दुकानातली भीड आणि इंग्रजी आत्मविश्वास तोलला. आणि फॉर्म मॅनेजरांकडून भरून घ्यायचे, काम जाऊन बघायचं नाही, ही कल्पना तिचीच होती.

गुरुवारी ती गुरुराजसमोर बसली आणि तिनं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पत्रं थांबवून चामराजपेटेच्या एकोणीस फॉर्मांवरची कामं पुन्हा बघायला एक आठवडा मागितला.

“एक आठवडा म्हणजे सगळ्यांना कळणार की चुकलं,” गुरुराज म्हणाला. “एक काम करा. तिला नऊ हजार विशेष भत्ता द्या, गुपचूप. ग्रेड तीनच राहू दे. पुढच्या वर्षी बघू. सरी, चालेल ना?”

सुचेताला क्षणभर मोह झाला. नऊ हजार उद्याच मिळाले असते, आणि धनलक्ष्मीनं आशीर्वादच दिले असते.

“भत्ता तिला चिकटेल, ग्रेड त्या खुर्चीला,” ती म्हणाली. “उद्या ती गेली आणि तिथं दुसरी आली, की पुन्हा एकेचाळीसपासून. आणि शेजारचा विचारेल, तिला भत्ता कशाचा? मी काय सांगू?”

“सांगा काहीतरी.”

“तुम्हीच सांगून बघा.” तिनं एक रिकामी खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली. “ही धनलक्ष्मी.”

गुरुराज हसला. तिच्याकडं बघून त्याचं हसू ओसरलं. त्यानं खुर्चीकडं वळून सुरुवात केली, “धनलक्ष्मी, तुमचं काम आणि अभिजीतचं काम सारखंच आहे, पण...” मग खुर्ची परत जागेवर सरकवली. “एक आठवडा. त्याच्यावर एक दिवस नाही.”

त्या आठवड्यात समितीचे पाचही जण दुकानात जाऊन बसले. फॉर्मऐवजी काम बघितलं, आणि तेच प्रश्न देवनहळ्ळीतल्या जोडीच्या कामांनाही विचारले. चामराजपेटेतली चार कामं एकेक ग्रेड वर गेली. देवनहळ्ळीतलं एक खाली आलं. पगार तेवढाच ठेवला. धनलक्ष्मीच्या खुर्चीला आणि अभिजीतच्या खुर्चीला एकच नाव मिळालं, ‘सेवा समन्वयक’, ग्रेड चार. एकेचाळीस हा चौथ्या ग्रेडच्या खालच्या हद्दीच्याही खाली, म्हणून ताबडतोब पन्नास. पण पन्नास तर नवशिक्याचे, आणि अकरा वर्षांची बाई नवशिकी नाही. म्हणून दोन टप्प्यांत मधल्या आकड्यापर्यंत, त्रेसष्ट हजारांपर्यंत न्यायचं, हेही पत्रात तारखांसकट लिहिलं.

पत्र देताना सुचेतानं चुकीची कबुलीही दिली. धनलक्ष्मीनं सगळं ऐकलं, दोन्ही तारखा बोटानं मोजल्या आणि विचारलं, “आणि मागची वर्षं, अक्का?”

“ते गुरुराजना विचारावं लागेल,” सुचेता म्हणाली. तिनं ते लेखी विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

आता राहिला अभिजीत. अडुसष्ट म्हणजे मधल्या आकड्याच्या वर, त्यामुळं दोन-तीन वर्षं त्याची वाढ लहानच असणार. आणि तेच काम चामराजपेटेतली एक बाई करते, हेही त्याला ऐकवायचं. सुचेता घरी जेवताना हे सांगत होती. तिच्याकडं शिकायला राहिलेली भाची, म्हणजे हे लिहिणारी, ताट सारून म्हणाली, “मावशी, तो आदल्या कंपनीच्या कॉफीवरूनसुद्धा तुलना करतो, तूच सांगितलंस. उद्या संध्याकाळपर्यंत राजीनामा. लाव पैज.”

“राजीनामा नाही देणार,” मावशी म्हणाली. “दोन प्रश्न विचारेल. पहिला, ‘कट तर नाही ना होणार?’ आणि दुसरा, ‘पाचव्या ग्रेडला काय लागतं?’”

“इतकं नेमकं?”

“कारण सांगितलं की माणसं एवढंच विचारतात. कारण नसलं की राजीनामा.”

पैज होती महिनाभर भांडी घासायची. दुसऱ्या दिवशी अभिजीत आधी लाल झाला, मग म्हणाला, “ओके, बट सॅलरी कट तर नाही ना मॅम?” मग पत्र पुन्हा एकदा वरपासून वाचलं, आणि म्हणाला, “फेअर आहे, ॲक्च्युअली. बरं, ग्रेड फाइव्हसाठी काय क्रायटेरिया असतो?”

आज माझा भांड्यांचा नववा दिवस.