गाढवाविना पुत्तर

माझी जीभ लांब, हे आई लहानपणापासून सांगत आलीय. आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावातल्या आमच्या शेतात वडलांनी खोल्या बांधल्या, त्यात एक पंजाबी भाडेकरू आला आणि मी त्याच्याशीच लग्न केलं. त्याचे आईवडील लग्नाला आले नाहीत. दोन वर्षांनी आठ दिवसांसाठी आले, सून बघायला. सासऱ्यांना मी पटले तरच आमचं त्यांच्या घरी येणंजाणं सुरू होणार होतं.

पंजाबी मी नवऱ्याच्या मित्रांकडून उचलली. क्रिकेट बघताना ते एकमेकांना जे म्हणत, तेच मी त्याला म्हणायचे आणि तो हसायचा. पहिल्याच जेवणात त्यानं डाळ सांडली. मी लाडात म्हणाले, "ओए खोते देया पुत्तरा." म्हणजे गाढवाच्या लेका. समोर त्याचा बाप बसलेला. सासरे अर्धी रोटी टाकून उठले.

त्यानंतर दोन खोल्यांत आम्ही चौघं. मी स्वयंपाकघरात, सासरे बाहेरच्या खोलीत पेपरामागं, आणि दार त्यांच्या खुर्चीपलीकडं. खिडकीतून आयटी पार्कच्या काचा दिसायच्या, बाकी काही नाही. नवराही जपून बोलायला लागला. माझा जीव नुसता घुसमटला.

तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता सासूनं मला शिकवलं. ते शब्द दोस्तांचे, तेही बाप समोर नसताना. नवऱ्याला चिडवताना त्याच्या आईबापाला मधे ओढायचं नाही, कुत्र्या-गाढवाचं नाव घ्यायचं नाही. "वे झल्लेया" म्हण, म्हणजे अरे वेड्या. हळू म्हटलंस तर चारचौघांतही चालतं. "मर जाणेया" म्हणजे मेल्या. ते दोघंच असताना, हसत. रागात म्हटलंस तर शाप. आणि जीव तुटला की मरण आपल्यावर घ्यायचं: "हाय, मैं मर जावां." "सदके जावां" म्हणजे तुझ्यावरून ओवाळून जाईन.

मला ते लगेच कळलं. आमच्याकडंही बायका पोराला मेल्या म्हणतात आणि त्याचीच दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडतात. पण कळल्यावर तोंड जास्तच बंद झालं. झल्लेया म्हणू का? आवाज चढला तर? मी गप्प राहिले आणि तेही सासऱ्यांना उर्मटपणाच वाटत असणार. मला स्वतःचीच चीड आली.

सातव्या दिवशी नवऱ्यानं गॅसवरचा तवा हातानं उचलला. तो कळवळला, तवा परत गॅसवर आदळला आणि माझ्या तोंडून निघालं, "हाय, मैं मर जावां! वे झल्लेया, फडकं दिसत नाही व्हय रे?"

मग भान आलं. दारात सासरे उभे होते. आता उरलीसुरली संधीही गेली, असं वाटून मी नवऱ्याचा हात तसाच नळाखाली धरून ठेवला.

सासरे आत आले, फडक्यानं तवा खाली ठेवला आणि आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"पुत्तर," ते म्हणाले, "तूप आहे का घरात?"

पंजाबीत लेकीलाही पुत्तरच म्हणतात. मला तुपाचा डबा सापडेना, समोर असून.