तात्यांचा कडता

तात्यांच्या हातावर काहीही ठेवलं की ते आधी त्याचं वजन सांगत आणि मग वस्तूकडे बघत. पाहुण्यांनी पेढ्यांचा पुडा दिला तर म्हणत, "साडेचारशे. दुकानदारानं खोक्यासकट तोललंय." आमच्या रूपालीला जन्मल्यावर नर्सनं त्यांच्या हातात दिली, तेव्हाही ते म्हणाले, "दोन किलो सातशे." नर्सनं काट्यावर पाहिलं होतं ते दोन किलो सहाशे ऐंशी. "दुपटं धरून सांगितलं," असं म्हणून ते पहिल्यांदा हसले.

तात्या म्हणजे माझे यजमान. त्यांच्या हयातीत मी त्यांना कधी कुठल्या नावानं हाक मारली नाही. सगळे तात्या म्हणत, म्हणून इथं तसं लिहिते. सांगलीच्या मार्केट यार्डात चौतीस वर्षं त्यांनी हळदीची पोती तोलली. काट्यावर पोतं चढलं की आकडा ते वाचत आणि कार्बन घालून पावती लिहीत. एक प्रत शेतकऱ्याला, एक व्यापाऱ्याला, एक स्वतःला. घरची चिठ्ठीसुद्धा ते कार्बन घालूनच लिहीत.

त्यांच्या तोंडात एक शब्द कायम असे, कडता. पोत्याच्या वजनातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, तो कडता. "कडता कापल्याबिगर आकडा सांगतो त्यो चोर न्हाईतर खुळा," असं ते म्हणत. एका व्यापाऱ्यानं त्यांना पोत्यामागं एक किलोच्या जागी दोन किलो कापायला सांगितलं. तात्यांनी पावतीवर एकच लिहिला, तेव्हा त्यानं चारचौघांत त्यांच्या अंगावर पावती फेकली. त्यानंतर नऊ वर्षं तात्या त्याच्या दुकानावरून रोज गेले, रामराम केला, पण त्याचा चहा घेतला नाही. तो वारला तेव्हा तेराव्याला गेले आणि पाणीही न पिता परत आले. मी म्हटलं, "आवं, मेलेल्या माणसाशी कसलं वैर?" ते म्हणाले, "मेला म्हनून काय आकडा बदलतोय व्हय?"

अशा माणसाची पोरगी शेअरबाजारात शिरली. रूपाली साताऱ्यात एका दवाखान्यात बिलं करते. तिथं स्टँडजवळ एका हॉलमध्ये दर शनिवारी एक सर वर्ग घेत. त्यांनीच तिच्या मोबाइलवर शेअर घेण्याचं ॲप घालून दिलं, महिना तीन हजार फी घेऊन कुठला शेअर घ्यायचा ते ते ग्रुपवर सांगत. एकदा ती सांगलीला आली आणि मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, तुझ्या पाटल्या दोन म्हैनं दे. तात्यांना सांगू नको." तीन तोळ्यांच्या पाटल्या होत्या, माझ्या आईच्या. मी काढून दिल्या. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, पोटच्या पोरीला तर नाहीच.

दोन महिन्यांनी ती आनंदानं पेढे घेऊन आली आणि तात्यांना मोबाइल दाखवला. आठ लाखांचे शेअर आणि चोवीस हजार नफा, हिरव्या अक्षरांत. तात्यांनी चष्मा लावला आणि वकिलासारखे प्रश्न विचारले. आठ लाख कुणाचे? दोन तिचे, सहा ॲपचे. ॲप फुकट देतं का? नाही, व्याज लावतं, रोजचे दोनशे सत्तेचाळीस. शेअर कुणाच्या नावावर? तिच्याच, पण ॲपकडे तारण. तुझे दोन लाख कुठले? तिची नजर माझ्या हाताकडे गेली. तात्यांनीही माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. ती गेल्यावर त्यांनी तिला पत्र लिहिलं. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, असं त्यांचं मत होतं. त्याची कार्बन प्रत माझ्यापाशी आहे, तीच बघून उतरवते.

"चि. रूपालीस अनेक आशीर्वाद. तू दाखवलास तो आकडा बारदानासकट आहे. आता कडता काप. ॲपचं व्याज साठ दिवसांचं चौदा हजार आठशे. यार्डाला रविवारी सुट्टी असते, व्याजाला नसते. सोनंतारणाचं व्याज चार हजार. सरांची फी सहा हजार. बेरीज चोवीस हजार आठशे. दलाली आणि कर मी धरलेच नाहीत. म्हणजे तू दोन महिने राबून आठशे रुपये घालवलेस आणि पेढे वाटलेस.

दुसरं. शेअर शंभराला दहा पडला तर आठ लाखांतले ऐंशी हजार जातील. ते सगळे तुझ्या दोन लाखांतून जातील. ॲपचे सहा लाख तसेच उभे राहतील. शंभराला पंचवीस पडला की तुझं काही उरत नाही, पण ॲप तोवर थांबणार नाही. आधी म्हणेल पैसे भर. नाही भरलेस तर तुला न विचारता तुझा माल विकेल, आणि पडत्या बाजारात विकेल.

तिसरं. त्या सरांना तुझ्या प्रत्येक खरेदी-विक्रीमागं ॲपच्या कंपनीकडून हिस्सा मिळतो का, ते विचार. हमालाला पोत्यामागं मजुरी मिळते, आत हळद आहे का भुस्सा, हे त्यानं बघायचं नसतं. म्हणून हमालाला भाव विचारू नये. माल विक, ॲपचे पैसे फेड, आईच्या पाटल्या सोडव. मी रागावलो नाही. मला भीती वाटते. तुझे तात्या."

पत्र वाचून रूपाली घाबरली. तिनं शनिवारी ते सरांना दिलं आणि म्हणाली, "सर, याला उत्तर काय देऊ?" सरांनी माइक घेतला आणि सगळ्या हॉलपुढं ते पत्र वाचून दाखवलं, आमच्या बोलीची नक्कल करत, 'भुस्सा' शब्द लांबवत. शेवटी म्हणाले, "असे हळदवाले तात्या घरोघरी असतात, म्हणून आपण गरीब राहतो." हॉल हसला. रूपालीही हसली. हे तिनंच मला पुढं रडत सांगितलं. मी तात्यांना सांगितलं. आयुष्यात दोनच चुगल्या केल्या मी, त्यातली ही एक, आणि तिचा मला पस्तावा नाही.

तात्या जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "मी भीती वाटती असं लिवलं हुतं. त्ये बी वाचलं?"

"व्हय," मी म्हटलं.

"बरं," एवढंच बोलून त्यांनी ताट पुरं केलं.

महिन्याभरात, जिचे शेअर तिनं घेतले होते त्या कंपनीचा नफ्यातोट्याचा निकाल वाईट आला आणि शेअर दोन दिवसांत इतका पडला की आठ लाखांचे सहा लाख सत्तर हजार झाले. ॲपचा निरोप आला, अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास भरा. सर म्हणाले, "घाबरू नका, अजून घ्या, सरासरी खाली येईल." रूपालीनं मला फोन केला, "आई, मंगळसूत्र दे." मी गळ्याला हात लावला. तेवढ्यात तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "रूपे, काय बी भरू नको. विकू दे त्येला." तिसऱ्या दिवशी ॲपनं सगळं विकलं. सहा लाख आणि व्याज त्यांनी आधी काढून घेतलं. दोन लाखांतले तिच्या हाती साठ हजारही आले नाहीत. सोनंतारणाचं कर्ज मात्र पुरतं दोन लाखांचं राहिलं.

मला वाटलं तात्या आता पोरीला फाडून खातील. ते म्हणाले, "तिनं चूक केली, त्याचं ती फेडंल. त्यानं चेष्टा केली, त्याचं मी बघतो."

नव्या माणसांना पहिला वर्ग फुकट असे. तात्या शनिवारी पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला गेले आणि पहिल्या रांगेत बसले. सरांनी पडद्यावर नफ्याचा आकडा दाखवला. तात्यांनी हात वर केला. "सर, ह्यो कडता कापून हाय का आदीचा?" सरांना शब्द कळला नाही. तात्यांनी उठून सगळ्यांना समजावला आणि खाली बसले. पुढच्या शनिवारी परत गेले, परत तोच प्रश्न. तिसऱ्या शनिवारी दारात अडवलं, तर ते जिन्यात उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "पाव्हणं, कडता किती पडला?" कोरेगावचा एक फौजेतून आलेला गडी चिडून म्हणाला, "म्हाताऱ्या, तुला काय करायचंय?" तो दुसऱ्या आठवड्यात कागद घेऊन जिन्यातच बसला, तात्यांजवळ, बेरीज करत. मग म्हणाला, "आयला, मी बी वजाच हाय की!" त्यानंतर हॉलमध्ये तो प्रश्न विचारायला तात्यांची गरज उरली नाही.

दुसरीकडे त्यांनी रूपालीला कामाला लावलं. रोजच्या व्यवहाराच्या ज्या पावत्या ॲपची कंपनी ईमेलवर पाठवते त्या सगळ्या, खातेउतारा, फी भरल्याचे पुरावे, आणि सरांचा ग्रुपवरचा निरोप, 'महिना पाच टक्के पक्के, जबाबदारी माझी', हे सगळं तिनं गोळा केलं. नफ्याची अशी हमी द्यायला बंदी आहे, आणि सर होते तशा कंपनीच्या एजंटानं स्वतःची फी घेऊन सल्ला विकायचा नसतो, हे तात्यांनी कंपनीच्याच नियमांत शोधलं. तक्रार तिच्याच हातानं लिहून घेतली, कंपनीला एक, देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाला एक. तिनं एक शब्द ढिला लिहिला की म्हणत, "फाड. परत लिव."

दोन महिन्यांनी सर आमच्या घरी आले. पांढरी गाडी, हातात काजूकतलीचा डबा. गेलेले एक लाख चाळीस हजार स्वतः देतो म्हणाले, तक्रार मागं घ्या. बंद पाकीट त्यांनी चटईवर ठेवलं. सुट्टीला आलेल्या रूपालीनं आशेनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या हाती उरलेल्यांत ते घातले की पाटल्या सुटण्याजोग्या झाल्या असत्या.

तात्या माझ्याकडं वळले. "सोनं तुझं. तू सांग."

मी परक्या माणसापुढं दाराआडून बोलणारी बाई. पण त्या दिवशी बाहेर आले. पेटीतून कार्बन प्रत काढली आणि सरांपुढं धरली. "तवा वाचलं तसं वाचा. आमच्याफुडं."

सर म्हणाले, "काकू, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. माफी मागतो की."

"माफी नगं. वाचा."

त्यांनी वाचलं. नक्कल केली नाही. हमालाच्या ओळीशी आवाज बारीक झाला. 'मी रागावलो नाही' इथं ते थांबले. मी म्हटलं, "फुडं." तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते, काट्यावर पोतं स्थिर व्हायची वाट बघावी तसे. सरांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला. मग मी पाकीट उचलून त्यांच्या डब्यावर ठेवलं. "आता ह्ये घिऊन जावा. तक्रार र्‍हाणार."

रूपाली ओरडली, "आई!" तात्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं बत्तीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं.

पुढं कंपनीनं त्या माणसाला एजंट म्हणून काढून टाकलं. हॉलवरची पाटी उतरली. ती बातमी आली तेव्हा तात्या अंथरुणावर होते. रूपालीनं कानाशी जाऊन सांगितलं. "लेखी हाय का?" त्यांनी विचारलं. लेखी होतं. तिनं ते वाचून दाखवलं. त्यानंतर आठवडाभरात ते गेले.

पाटल्या सुटल्या नाहीत. रूपालीच्या पगारात व्याज भागे, मुद्दल नाही. मुदत संपली, नोटीस आली, लिलाव झाला. ती अजून कधीतरी म्हणते, "आई, त्या दिवशी पैसे घेतले असतेस तर!" खरं आहे तिचं. आईच्या पाटल्यांचं मला रोज वाईट वाटतं. पण 'मला भीती वाटते' हे तीन शब्द वाचताना त्या माणसाला मान वर करता आली नव्हती, ते ज्या दिवशी आठवतं त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.