चौदा सेकंद

माझी मुलगी उत्तरेकडे, नगरा भागातल्या एका शाळेत हिंदी शिकवायची. नोकरी पक्की नव्हती. वार्षिकोत्सवाच्या फिल्मचं निवेदन तिने लिहावं आणि वाचावं, ते चांगलं झालं तर तिला कायम करू, असं प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या होत्या.

तिने कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे चित्र आणि वेळ, उजवीकडे वाक्य. दहा सेकंदांत वीस-बावीस शब्द बसतात, हे मला तेव्हा कळलं. ती वाचायची, मी घड्याळ धरायची.

"आई, मान नको हलवूस, सेकंद सांग!"

आधी दीपप्रज्वलन, मग अध्यक्षांचं स्वागत. त्यानंतर त्या वर्षी वारलेल्या संगीताच्या सरांचा हार घातलेला फोटो, आणि मग फुलपाखरं झालेल्या लहान मुलींचा नाच.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना फिल्म जोडणारा मुलगा दाराशी आला. मोटरसायकल बंदही केली नाही.

"अम्मा जी, दीदी से कह देना, चौदह सेकंड बढ़ गए हैं. आज ही रिकॉर्ड करके भेज दें, कल दिखाना है."

कुठे वाढले, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. पण परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. मी दाराआडून मान हलवली. तो गेला.

मुलीने आल्या आल्या विचारलं, "कुठे वाढले? विचारलंस ना?"

एवढंही जमलं नाही, हे सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "शेवटी."

तिने शेवटी आभाराची दोन वाक्यं वाढवली, डोक्यावर रजई घेऊन फोनमध्ये सगळं एका दमात वाचलं आणि पाठवून दिलं. त्यानेही घाईत आवाज तसाच चढवला.

वाढले होते ते अध्यक्षांच्या स्वागतात, हे वार्षिकोत्सवात फिल्म लागली तेव्हा कळलं. पडद्यावर अध्यक्ष हार घालून हसत होते आणि माझ्या मुलीचा आवाज म्हणत होता, "वे आज हमारे बीच नहीं हैं. उनकी स्मृति को नमन." पालक हसले. सरांचा फोटो आला तेव्हा तिचा आवाज फुलपाखरं नाचायला आल्याचं सांगत होता, आणि सरांची बायको उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीला ऑफिसात बोलावलं. तो मुलगा म्हणाला, शेवटी असं मी बोललोच नाही. ती त्याच्यावर चिडली.

घरी येऊन तिने पर्स खाली ठेवली. "पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले." मग म्हणाली, "मी सगळ्यांसमोर सांगितलं, मेरी माँ झूठ नहीं बोलतीं."

मी स्वयंपाकघरात उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं. ती बाहेरून म्हणाली, "आई, वाढ गं," आणि मी ताट घेतलं.