मिक्सरवाल्यांच्या शिव्या

"इसके मराठी कस्टमरां कित्ते शरीफ है, अक्का! मिक्सर फट गया तो बी 'कृपया' बोलते."

चहाच्या मशीनजवळ माझ्याबद्दल हे बोलणं चाललं होतं आणि मी दाराआड माझा कप धरून उभी होते. बोलणारा माझ्या शेजारी बसून उर्दूचं काम करायचा, सगळे त्याला भाई म्हणत. अक्का म्हणजे आमची टीम लीड, तेलुगू बोलणारी, मराठी न येणारी. ती हसली नाही. तिच्या हिंदीत म्हणाली, "तेच तर. पुढची बॅचही अशीच गेली तर मराठीचं काम दुसऱ्या ऑफिसला देणार आहेत."

मी चहा न घेताच जागेवर आले.

आमचं काम असं: मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीला आलेले अभिप्राय, सोशल मीडियावरच्या कमेंट हजारोंनी यायच्या. मी मराठी वाचून आधी शिक्का मारायचा, खूश, नाराज की मधलं. उपरोध असेल तर तशी खूण. शिवी असेल तर तिची वेगळी खूण. मग इंग्रजी भाषांतर. ते भाई तपासायचा. त्याला फक्त माझं इंग्रजी दिसायचं आणि त्यावरून तोही शिक्का मारायचा. दोन्ही जुळले तर भाव पोचला.

माझे जुळत नव्हते. भाईला सगळंच "मधलं" वाटायचं.

चूक कळायची नाही असं नव्हतं. बहुतेक लोक मराठी रोमन अक्षरांत लिहायचे, म्हणजे माझ्या सोयीचं. देवनागरी मी अजूनही बोट ठेवून वाचते. अर्थही कळायचा. पण शाळेत कॉन्व्हेंटच्या बाईंनी शिकवलेलं इंग्रजी हातात आलं की मी सगळ्यांना आंघोळ घालून, भांग पाडून पाठवायचे. एकाने लिहिलं होतं, "पाच तारे! पहिल्याच दिवशी झाकण उडालं, भिंतीवर चटणी, फुकटात रंगकाम झालं." मी लिहिलं, झाकण निघाल्याने भिंत खराब झाली. दुसरा म्हणत होता, "भंगार विकताय, लाजा वाटू द्या." मी लिहिलं, ग्राहक दर्जाबाबत समाधानी नाही.

आणि एक बाई होत्या. "मुडद्या, कुठं उलथला होतास इतके दिवस! पुरण वाटून वाटून हात मोडले माझे." मी लिहिलं, हे उत्पादन आधी मिळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मलकपेठला घरी पोचले तर मागोमाग मामा आला. नांदेडहून, न कळवता, दीड वर्षानं. आईनं दार उघडलं आणि ओरडली, "मेल्या! आत्ता आठवली होय रे बहीण? तोंड दाखवायला लाज नाही वाटत?" बोलता बोलता तिनं त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली, पंखा लावला, गॅसवर आधण ठेवलं. मामा गालातल्या गालात हसत होता.

मी पुस्तकातलं वाक्य वाचावं तसं आईकडे बघत राहिले. तिचं बोलणं मी कंपनीला पाठवलं असतं तर लिहिलं असतं, पाहुण्याच्या आगमनास विलंब झाला. मला एकटीलाच हसू फुटलं. आई म्हणाली, "तुला काय झालं गं?"

शुक्रवारी आमची बैठक असायची. न जुळलेली वाक्यं पडद्यावर लावून सगळ्यांनी बोलायचं. पुरणवाल्या बाईंचं वाक्य आलं. माझा शिक्का "खूश", शिवीची खूण नाही, भाईचा "मधलं".

"यात खुशी किधर है?" भाईनं विचारलं.

"मूळ वाक्यात आहे," मी म्हणाले. मग धीर करून, "शिवी पण आहे. मी ती काढून टाकली."

"काढायची नाही ना," अक्का म्हणाली. "शिवी वेगळी, राग वेगळा. वाच बघू मूळ मराठी."

"तुम्हाला कळणार नाही, अक्का."

"शब्द नाही कळणार. तू वाच."

पुढं ती सगळी बॅच मी पुन्हा केली. बाईंच्या वाक्यात शिवीची खूण आली, शिक्का "खूश"च राहिला, आणि इंग्रजीतही त्या ओरडू लागल्या. शिक्के जुळले, मराठी आमच्याकडेच राहिलं. चटणीवाल्याचं भाषांतर तर भाईनं टीमच्या ग्रुपवर टाकलं. पण आठवतो तो शुक्रवारच. बारा माणसं, एसीचा आवाज, आणि शाळेत वर्गात कधी हात वर न केलेली मी. बसून ते वाक्य म्हणताच येईना, म्हणून उभी राहिले. कमरेवर हात ठेवला, आई ठेवते तसा, आणि समोर टेबलावर नसलेल्या मिक्सरवर खेकसले:

"मुडद्या, कुठं उलथला होतास इतके दिवस!"