पेटीत गेलेले पाच शर्ट

बावीस वर्षं ब्लाउज शिवून माझी मान गेली. डॉक्टर म्हणाले, मशीनवर बसणं निम्मं करा. त्यांना काय जातं बोलायला! तेव्हापासून मी दुसरा धंदा शोधू लागले. कोणी विचारलं तर सांगायचे, "काही नाही वं, अजून नुसतं पाहून राह्यली." दारव्ह्यात बाजाराकडच्या एका गाळ्याचा मालक मात्र दसऱ्यापर्यंत हो की नाही ते सांगा म्हणून मागे लागला होता.

मुलगी अमरावतीला कॉमर्स शिकते. सुट्टीत आली तेव्हा वहीत तीन रकाने आखून बसली. "आई, तू आज करतेस ती सर्व्हिस. गिऱ्हाईक कापड आणते, तू शिवतेस. भांडवल लागत नाही, पण तुझे हात थांबले की कमाई थांबते. दुसरं, प्रॉडक्ट. एकच माल गठ्ठ्यानं कापायचा, बायांकडून शिवून घ्यायचा. पण पैसा आधी अडकतो आणि माल पडून राहिला तर तो आपलाच. तिसरं, शिवण शिकवायचे व्हिडिओ. खर्च कमी, पण कमाई कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नाही."

"मंग गाळा?"

"गाळा कायले आत्ताच? आधी थोडं थोडं करून पाह्य."

मला प्रॉडक्टच हवं होतं. मान वाचणार होती ना! मालही डोळ्यांसमोर होता. आमच्याकडे बाया कापूस वेचायला जाताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, उन्हासाठी आणि बोंडांच्या काट्यांसाठी. खांद्यावरून ओघळणारा, बाह्या हाताबाहेर आलेल्या. मी म्हटलं, बायांच्या मापाचा शर्ट करू, मनगटाला बटण, उंच कॉलर, तंबाखूच्या डबीला आणि मोबाइलला खोल खिसा. पाच शिवले आणि गल्लीतल्या पाच वेचणाऱ्या बायांना वापरायला दिले. पैसे घेतले नाहीत. घेणार तरी कसे, मी तर नुसतं पाहून राह्यली होती.

पाचही जणी म्हणाल्या, "लय झ्याक झाला वं बाई!" मी हरखले. मनातल्या मनात वीस शर्टांचं कापडही घेऊन टाकलं.

आठ दिवसांनी शेतावर गेले, तर शेजारची काकू कपाशीच्या ओळीत वाकलेली, अंगावर तोच तिचा जुना निळ्या रेघांचा शर्ट.

"काहून वं काकू? माह्यावाला कुठी हाय?"

"पेटीत. इतका चांगला शर्ट कापसात कायले खराब करू? लेकीच्या घरी जाताना घालीन ना."

बाकीच्या चौघींच्या अंगावरही जुनेच. चौघींचे नवे पेटीत. मी बांधावर बसून हसले आणि मग मला रडूच आलं. वाईट असता तर सुधारला असता. चांगला झाला म्हणून पडून राहिला, त्याला काय करावं माणसानं?

घरी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, पाचच शिवलेस." मला तिचा राग आला, कारण खरं होतं. "जुनाच घालतात ना, मग तोच नीट करायला शिकव," म्हणत तिनंच मग मोबाइल खिडकीत टेकवला आणि मी आमच्या यांचा जुना शर्ट उसवून बाईच्या मापाचा कसा करायचा ते दाखवलं. व्हिडिओ थोड्याच लोकांनी पाहिला. त्यातून एक रुपया आला नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी काकू दारात. हातात तो निळ्या रेघांचा शर्ट, धुऊन घडी घातलेला. व्हिडिओ तिला सुनेनं दाखवला होता.

"खांदे घेजो आत. पण कापू नको बाई. दुमडून शिव. आन् आतून एक खिसा."

काका जाऊन तीन वर्षं झाली. हा शर्ट त्यांचा, हे मला माहीत होतं, तरी इतके दिवस मी त्याला 'फुकटचा जुना शर्ट' म्हणत हिशेब मांडत होते. मला माझीच लाज वाटली.

बसले मशीनवर. मान ठणकत होती. कापड इतकं विरलं होतं की हातशिलाईच करावी लागली. काकूनं तिथंच अंगात घातला, बाह्या सारख्या केल्या आणि कनवटीचे पैसे मशीनवर ठेवले.

"राहू दे वं काकू."

"नाही. फुकट दिला तो पेटीत ठेवला ना मी. हा उद्या घालाचा हाय."

संध्याकाळी गाळेवाल्याला नाही म्हणून कळवलं. लग्नसराईचे ब्लाउजही बंद केले, घरात कटकट झाली तरी. दिवसाला दोन जुने शर्ट घेते, पैसे घेऊन, मान सोसेल तेवढंच. म्हणजे पुन्हा सर्व्हिसच, पुन्हा माझेच हात. थकले आहे मी, खोटं कशाला सांगू. पण काकूनं शर्ट नेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाया वेचायला निघाल्या तेव्हा मी ओट्यावर उभी होते, आणि काकूच्या अंगावर तो शर्ट नीट बसला होता.